डुलकी: सिम्युलेटरमध्ये उभी, फरशीवर आडवी (प्रकल्प नोंदी)

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

दिवाळीचा फराळ संपला, आता कामाला लागू. दोन चाकांवर तोल सांभाळणारा रोबॉट गेल्या महिन्यातच जोडून झालाय. भाच्याने त्याचं नाव ठेवलंय 'डुलकी', कारण चालू केला की दोन सेकंदांत झोपतो.

वस्तू साधी आहे. १२ व्होल्टच्या दोन गिअर मोटर, गिअरचं प्रमाण ३४ ला १. चाकं ८० मिलिमीटर व्यासाची. तीन सेलची लिथियम बॅटरी, मेंदू म्हणून आर्डुइनो नॅनो, मोटरला वीज सोडायला एल२९८एन ड्रायव्हर, आणि कल मोजायला एमपीयू-६०५० सेन्सर. सेकंदाला २०० वेळा, म्हणजे दर ५ मिलिसेकंदांनी, नॅनो कल वाचतो आणि मोटरला किती व्होल्ट द्यायचे ते ठरवतो.

फरशीवर आपटून आपटून दोन ब्रॅकेट तुटली, म्हणून मागच्या आठवड्यात मुजोको सिम्युलेटरमध्ये त्याचं मॉडेल केलं. कॅडमधून वजनं आणि मापं घेतली, मोटरच्या जागी नुसता टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लावला, एलक्यूआर या गणिती पद्धतीने चार गेन, म्हणजे कशाला किती जोराने उत्तर द्यायचं ते गुणक, काढले (कल, कलाचा वेग, चाकाचा कोन, चाकाचा वेग). स्क्रीनवर डुलकी खांबासारखी उभी. ढकललं तरी पाऊलभर सरकून परत उभी. तेच गेन जसेच्या तसे नॅनोवर टाकले, आणि फरशीवर आडवी.

आज पडण्याची लॉग नीट पाहिली. ती एका बाजूला सरळ कलंडत नाही. पुढे-मागे, पुढे-मागे, दर झोक्याला थोडी जास्त, आणि चौथ्या-पाचव्या झोक्याला जमिनीवर. हे महत्त्वाचं वाटतं. सरळ एका बाजूला पडली असती तर मोटरचा जोर कमी आहे किंवा शून्य अंशाची जागा चुकली आहे असं म्हटलं असतं. झोका वाढत जातो याचा अर्थ ती योग्य तेच करते आहे, फक्त उशिरा करते आहे. उशीर नक्की कुठे होतो, ते शोधायचंय.

१० नोव्हेंबर, रविवार

मोह आवरला नाही. दुपारभर गेन हाताने फिरवत बसलो. कलाचा गेन कमी केला, वेगाचा वाढवला, आणि एकदा तर ११ सेकंद उभी राहिली. भाच्याने टाळ्या वाजवल्या. मग तेच गेन सिम्युलेटरमध्ये टाकले, तर तिथे ती पेंगल्यासारखी डुलत राहिली. म्हणजे मी फरशीवरच्या एका दोषावर दुसऱ्या दोषाचं ठिगळ लावलं होतं. बॅटरी थोडी उतरल्यावर ते ११ सेकंदही गेले.

म्हणून आजपासून नियम: गेन फक्त मॉडेलमधून काढायचे, फरशीवर हात लावायचा नाही. फरशीवर फक्त मोजायचं, आणि मोजलेलं मॉडेलमध्ये घालायचं. सिम्युलेटरमधली डुलकी फरशीवरच्यासारखीच, त्याच चालीने पडायला लागली, की मॉडेल खरं बोलतंय असं धरायचं. तोवर ती स्क्रीनवर कितीही छान उभी राहिली तरी त्याचं कौतुक नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार

उद्यमनगरात काकांच्या लेथवर गेलो. सुरुवात सोप्या मापांपासून: वजन, गुरुत्वमध्य, आणि फिरण्याचं जडत्व.

चाकं काढून धड वजनकाट्यावर ठेवलं: १.१० किलो. कॅड म्हणत होतं ०.९२. वायरी, स्क्रू, गरम गोंदाचे गोळे, कनेक्टर, यातलं काही कॅडमध्ये नव्हतंच, आणि बॅटरीचं वजन मी अंदाजाने टाकलं होतं. पट्टीच्या कडेवर आडवं तोलून गुरुत्वमध्य काढला: आसापासून ११० मिलिमीटर. कॅडमध्ये ९५.

जडत्वासाठी ते उलटं टांगून झुलवलं. काकांनी लोखंडाच्या दोन सपाट पट्ट्या व्हाइसमध्ये समांतर धरून दिल्या. मोटरचे ४ मिलिमीटरचे शाफ्ट त्यांवर टेकवले आणि धड खाली लोंबकळत सोडलं. झोका लहान ठेवला की शाफ्ट गिअरमध्ये फिरत नाही, पट्टीवर किंचित लोळतो. २० झोके १६ सेकंदांत, म्हणजे एका झोक्याला ०.८० सेकंद.

```
I = m*g*l*(T/(2*pi))^2
  = 1.10*9.81*0.11*(0.80/6.283)^2
  = 0.0192 kg m^2
```

उलटं लोंबताना झोका जितका जलद, तितकीच उभं असताना पडण्याची घाई. २π ला ०.८० ने भागलं की ७.८५ येतात. म्हणजे सावरलं नाही तर कल दर १२७ मिलिसेकंदांत २.७ पट होतो. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवलाय. पुढे कुठलाही उशीर मोजला की तो या १२७ शी ताडून बघायचा.

मजा अशी, की कॅडच्या चुकीच्या वजनांतून हाच आकडा ८.२ येत होता. वजनही वाढलं, उंचीही वाढली, आणि जडत्व त्यांच्याबरोबर वाढलं, त्यामुळे पडण्याची घाई जवळपास तीच राहिली. सावरायला लागणारा टॉर्क मात्र ३८ टक्के वाढला. नवे आकडे टाकून गेन काढले, फरशीवर फारसा फरक नाही. झोका वाढतोच. म्हणजे चोर इथे नव्हता. दिवस फुकट गेला असं भाचा म्हणाला. मला तसं वाटत नाही, कारण आता धडाबद्दल शंका उरली नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

मोटरचा दिवस. आजची नोंद मोठी होणार.

मॉडेलमध्ये मी मोटरला नुसता टॉर्क सांगत होतो: अर्धा न्यूटन-मीटर मागितला की त्याच क्षणी मिळाला, चाक कितीही वेगाने फिरत असलं तरी. खरी डीसी मोटर अशी वागत नाही. तिला आपण व्होल्ट देतो, आणि चाक फिरायला लागलं की ती स्वतःच उलटा व्होल्ट तयार करते. वेग वाढेल तसा जोर ओसरतो, आणि एका वेगाला येऊन थांबतो.

यासाठी तीन आकडे हवेत. पहिला, वाइंडिंगचा रोध. शाफ्ट पक्कडीने धरून मोटरला फक्त २ व्होल्ट दिले (१२ दिले तर मोटर तापते आणि रोध बदलतो), प्रवाह ०.३७ अँपिअर. शाफ्ट थोडा थोडा फिरवून पाच ठिकाणी मोजलं, कारण ब्रश कुठे टेकतात त्यावर आकडा हलतो. सरासरी ५.४५ ओहम. दुसरा, उलट्या व्होल्टचा गुणक. चाक हवेत ठेवून थेट सप्लायवरून १२ व्होल्ट: वेग ३४.६ रेडियन प्रति सेकंद, प्रवाह ०.१० अँपिअर. त्यातून ०.३३१. ड्रायव्हर मध्ये घेतला नाही, हे मुद्दाम. एल२९८एन आत जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर वापरतो आणि १ अँपिअरला साधारण २ व्होल्ट स्वतःच खातो. बॅटरीवर १२ दिसतात आणि मोटरच्या टोकांवर १०. तो हिशेब वेगळा धरायचा.

तिसरा आकडा काढताना डोळे उघडले. स्विच दाबल्यापासून चाकाचा वेग कसा चढतो ते मोटरचं फिरणं खुणांनी मोजणाऱ्या एन्कोडरने दर ५ मिलिसेकंदांनी नोंदवलं. शेवटच्या वेगाच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला ६० मिलिसेकंद लागले. मॉडेलमध्ये उलटा व्होल्ट घातला आणि हीच चाचणी केली. तिथे फक्त ३ मिलिसेकंद! वीसपट फरक.

कारण शोधायला वेळ लागला, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. मॉडेलमध्ये फिरणारी वस्तू म्हणजे ४० ग्रॅमचं चाक. प्रत्यक्षात चाकाच्या मागे गिअर आहेत आणि गिअरच्या मागे मोटरचा रोटर. रोटर इवलासा, पण चाकाच्या ३४ पट वेगाने फिरतो, आणि चाकाकडून बघितलं तर त्याचं जडत्व ३४ च्या वर्गाने, म्हणजे ११५६ पट, मोठं दिसतं.

```
J  = tau*K^2/R = 0.060*0.331^2/5.45 = 0.00121
wheel = 0.04*0.04^2                 = 0.00006
rotor (at wheel side)               = 0.00114
```

चाकाच्या अठरापट! दोन्ही रोटर मिळून ०.००२२८ होतात. अख्ख्या रोबॉटचं १.१८ किलो वजन चाकाच्या त्रिज्येवर धरलं तर ०.००१८९ होतं. म्हणजे मोटर जेव्हा डुलकीला पुढे ढकलते, तेव्हा तिची निम्म्याहून जास्त ताकद स्वतःच्याच रोटरला वेग द्यायला जाते. जणू रोबॉटवर आणखी १.४ किलोचं ओझं बांधलंय, जे काट्यावर दिसत नाही.

मुजोकोमध्ये यासाठी सांध्याला `armature` नावाचा गुणधर्म असतो, आणि तो न सांगितल्यास शून्य धरला जातो. इथे गल्लीत मोटर रिवाइंडिंगवाले रोज 'आर्मेचर' म्हणतात, तोच शब्द. मी तो दस्तऐवजात दहा वेळा वाचून पुढे गेलो असेन.

```xml
<joint name="wheel_l" type="hinge" axis="0 1 0"
       armature="0.00114" frictionloss="0.033"/>

<general joint="wheel_l" gainprm="0.0607"
         biastype="affine" biasprm="0 0 -0.0201"
         ctrllimited="true" ctrlrange="-12 12"/>
```

०.०६०७ म्हणजे गुणकाला रोधाने भागलं (एका व्होल्टला मिळणारा टॉर्क), आणि ०.०२०१ म्हणजे गुणकाचा वर्ग भागिले रोध (वेगाबरोबर ओसरणारा जोर). घर्षण मोकळ्या प्रवाहावरून: ०.१० गुणिले ०.३३१. या सगळ्यात गिअरची कार्यक्षमता वेगळी धरलेली नाही, ती घर्षणातच दडली आहे. जोर लावताना हे थोडं चुकणार, माहीत आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

विधानसभेच्या निकालाचा दिवस. उद्यमनगर टीव्हीपुढे. काकांचा लेथ बंद, मला तेवढीच शांतता.

नव्या मोटरसकट गेन काढले. सिम्युलेटरमधली डुलकी आता खांबासारखी उभी नाही. ढकललं की आधी दबकते, मग सावरते. माणसासारखी. फरशीवर ६ सेकंद टिकली, गेनला हात न लावता. पण पडली त्याच चालीने, झोका वाढत वाढत. सिम्युलेटर मात्र पडायला तयार नाही. म्हणजे उशीर अजून कुठेतरी आहे, आणि तो मोटरमध्ये नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

उशीर थेट मोजला. डुलकीला चाकांसकट दोऱ्यांनी टांगलं आणि मोटरला ५० मिलिसेकंद ६ व्होल्टचा एक झटका दिला. चाक एकीकडे उसळतं, धड उलटीकडे वळतं, आणि ते सेन्सरमधल्या जायरोत, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या भागात, दिसतं. हाच झटका सिम्युलेटरमध्ये दिला. दोरीचं मॉडेल केलं नाही. सुरुवातीच्या १०० मिलिसेकंदांपुरतं दोरी काही फार करत नाही. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. आकार सारखा, पण खरा आलेख २४ मिलिसेकंद मागे.

१२७ मधले २४. पडण्याच्या घाईचा जवळपास पाचवा भाग आंधळेपणात जातो. एवढ्यात झोका वाढणारच.

मग हे २४ कुठून आले याचा पंचनामा. सगळ्यात मोठा वाटा सेन्सरचा निघाला. एमपीयू-६०५० च्या आत एक गाळणी असते, ती `DLPF_CFG` या सेटिंगने ठरते. मी कुठूनतरी उचललेल्या कोडमध्ये ते ६ होतं. आकडे शांत दिसतात म्हणून कुणीतरी ठेवलेलं, आणि मीही ते शांत आकडे बघून खूश होतो. ६ वर जायरोची मर्यादा ५ हर्ट्‌झ आहे आणि उशीर १८.६ मिलिसेकंद. तो डेटाशीटमध्ये छापलेला आहे. शांततेची किंमत.

दुसरा वाटा माझा स्वतःचा. लूप ५ मिलिसेकंदांची आहे असं मी समजत होतो. `micros()` ने मोजली तर ७ निघाली. लॉगसाठी मी प्रत्येक फेरीत ८० अक्षरांची ओळ सीरियलवर पाठवत होतो. ११५२०० च्या वेगाने एका अक्षराला १० बिट धरले तर ८० अक्षरांना ६.९ मिलिसेकंद लागतात. बफर भरला की नॅनो ताटकळत उभा राहतो. म्हणजे लॉग चालू असताना मी ज्या रोबॉटचं निदान करत होतो, तो रोबॉट लॉगमुळेच आजारी होता! वर कोडमध्ये एका फेरीचा वेळ, `dt`, ०.००५ असाच लिहिलेला, त्यामुळे जायरोची बेरीज करून काढलेला कोन प्रत्यक्षापेक्षा कमी यायचा. लूपचा सरासरी उशीर अर्धा धरला तर ३.५.

उरलेले दीडेक मिलिसेकंद सेन्सरकडून १४ बाइट वाचण्यात, कारण सेन्सर आणि नॅनोला जोडणारा आयटूसी दुवा १०० किलोहर्ट्‌झवरच होता. बेरीज: १८.६, ३.५ आणि १.५, म्हणजे २३.६. मोजलेले २४. असा हिशेब जुळला की जेवण गोड लागतं.

दुरुस्ती लगेच केली नाही. आधी हाच उशीर सिम्युलेटरमध्ये घातला. मुजोकोची मूळ पायरी २ मिलिसेकंदांची असते आणि त्यात ५ नीट बसत नाहीत, म्हणून पायरी १ केली.

```python
q = deque([0.0]*24, maxlen=24)
for k in range(N):
    gyro_late = q[0]
    q.append(data.sensor("gyro").data[1])
    if k % 5 == 0:
        data.ctrl[:] = controller(gyro_late)
    mujoco.mj_step(model, data)
```

सिम्युलेटरमधली डुलकी चौथ्या झोक्याला पडली! झोक्याची गती सेकंदाला २.९, फरशीवर २.७. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही पहिल्यांदाच ती पडल्यावर हसताय."

३० नोव्हेंबर, शनिवार

आता दुरुस्ती. गाळणी ६ वरून ३ वर: मर्यादा ४२ हर्ट्‌झ, उशीर ४.८ मिलिसेकंद. आयटूसी ४०० किलोहर्ट्‌झ. लॉग अक्षरांऐवजी १२ बाइटचा, म्हणजे साधारण १ मिलिसेकंद. एकूण उशीर ८ च्या आसपास. सिम्युलेटर म्हणाला, उभी राहील. टाकलं, आणि उभी राहिली. चहा संपेपर्यंत उभी. काका बघायला आले, बोटाने टोचून म्हणाले, "पडंना झाली की रं!"

जायरोचे आकडे आता खरखरीत दिसतात, मोटरची थरथर त्यात उतरते. ते सहन करायचं. काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची: डुलकी उभी आहे, पण स्थिर नाही. एका जागी बारीक पुढे-मागे हलते, सेकंदाला दोन-सव्वादोन वेळा, वाढत नाही, थांबतही नाही. सिम्युलेटरमध्ये ती निश्चल. फट अजून आहे.

१ डिसेंबर, रविवार

न वाढणारा, न थांबणारा बारीक झोका म्हटलं की माझा संशय गिअरवर. मोटर घट्ट धरली आणि चाकाच्या कडेला खूण करून चाक हाताने हलवलं: कडेवर १.४ मिलिमीटर मोकळं फिरतं. ४० मिलिमीटरच्या त्रिज्येवर हे २ अंश. काकांच्या भाषेत 'प्ले'. मोटरने दिशा बदलली की हे २ अंश संपेपर्यंत चाकाला काहीच कळत नाही, तेवढ्यात धड थोडं जास्त कलतं, मग मोटर जास्त जोर लावते, आणि खेळ उलटीकडून सुरू.

हे मॉडेलमध्ये घालण्याची युक्ती आवडली. चाकाला एकाच आसावर दोन सांधे द्यायचे. पहिला मोटरचा, दुसरा मोकळा पण २ अंशांत अडवलेला.

```xml
<joint name="wheel_l" type="hinge" axis="0 1 0"
       armature="0.00114" frictionloss="0.033"/>
<joint name="play_l" type="hinge" axis="0 1 0"
       limited="true" range="-1 1" damping="0.0005"/>
```

यात एक गोष्ट चुकवायची नाही. एन्कोडर मोटरच्या मागच्या टोकाला बसवलेला आहे, म्हणून तो प्ले बघतच नाही. सिम्युलेटरमध्येही चाकाचा कोन `wheel_l` वरूनच वाचायचा, दोन्ही सांध्यांची बेरीज करून नाही. मी आधी बेरीज केली होती, आणि सगळं सुरळीत चाललं होतं. खोटं सुरळीत.

एन्कोडरची खरखरही घातली. एका फेरीला ७४८ खुणा, म्हणजे ५ मिलिसेकंदांत एक खूण सरकली तर वेग ०.०० वरून एकदम १.६८ रेडियन प्रति सेकंद दिसतो. मध्ये काही नाही. सिम्युलेटरमध्ये वेग असाच पायऱ्यांनी द्यायला लागलो.

आता स्क्रीनवरही बारीक झोका. सेकंदाला २.६. फरशीवर २.३. जरा फरक आहे. माझ्या मते तो स्थिर घर्षणाचा: प्रत्यक्षात चाक सुटायला ०.८ व्होल्ट लागतात आणि एकदा फिरायला लागलं की घर्षण ०.५५ व्होल्टांवर येतं. मुजोकोच्या `frictionloss` मध्ये दोन्हींसाठी एकच आकडा आहे. इथे थांबतो.

८ डिसेंबर, रविवार

आज मॉडेलची परीक्षा. आतापर्यंत जे मोजलं तेच मॉडेलमध्ये घातलं, त्यामुळे ते जुळणारच. परीक्षा म्हणजे मॉडेलने जे कधी पाहिलं नाही त्यावर आधी भाकीत, मग चाचणी. भाकीत कागदावर लिहून भाच्याच्या खिशात ठेवलं.

२०० ग्रॅम वाळूची पिशवी दोरीला बांधून ठराविक उंचीवरून सोडायची आणि डुलकीच्या डोक्यावर आदळू द्यायची. भाकीत: भरलेल्या बॅटरीवर १२ सेंटिमीटरपर्यंत सावरेल, १५ ला पडेल. बॅटरी १०.८ व्होल्टवर असताना ९ लाच पडेल, कारण व्होल्ट कमी म्हणजे चाकाचा कमाल वेग कमी, आणि चाक धडाच्या खाली पोचतच नाही. पडण्याची चालही वेगळी असेल: झोके नाहीत, सरळ एका बाजूला.

प्रत्यक्षात: भरलेली बॅटरी, १२ सेंटिमीटर, पाचातून पाच वेळा सावरली. १३ ला पाचातून तीनदा पडली, १५ ला पाचही वेळा. उतरलेली बॅटरी, ९ सेंटिमीटर, पाचातून चारदा पडली, आणि चारही वेळा सरळ एका बाजूला. चाल जुळली याचा आनंद उंची जुळण्यापेक्षा जास्त.

मग भाच्याने आगाऊपणा करून तिला शहाबादी फरशीवरून सतरंजीवर ठेवलं. लगेच पडली. सिम्युलेटरने हे सांगितलं नव्हतं, सांगूही शकत नव्हता. त्यात जमीन कडक आहे, चाक तिच्यावर लोळतं आणि लोळताना काहीच गमावत नाही. सतरंजीत चाक रुततं. मुजोकोत जमीन मऊ करता येते, पण ते आकडे सतरंजीचं माप घेऊन ठरवता येत नाहीत, जुळेपर्यंत फिरवावे लागतात. आणि फिरवून जुळवलेला आकडा म्हणजे १० तारखेच्या ठिगळाचाच भाऊ.

१५ डिसेंबर, रविवार

शेवटचा टप्पा: आकडे मुद्दाम हलवून गेन तपासणं. हे सुरुवातीलाच करावंसं वाटलं होतं. सगळे आकडे ५० टक्के इकडे-तिकडे हलवायचे, आणि त्या सगळ्यांत टिकेल तो गेन घ्यायचा. नोव्हेंबरमध्ये एकदा करूनही पाहिलं होतं. असा गेन निघतो, पण तो इतका भित्रा असतो की डुलकी सगळीकडे वाईटच उभी राहते. शिवाय तेव्हा `armature` शून्य होतं. शून्याचे ५० टक्के शून्यच.

२०१८ मध्ये गुगलच्या लोकांनी मिनिटॉर हा चारपायी रोबॉट सिम्युलेटरमध्ये दौडायला शिकवून प्रत्यक्षात आणला, तेव्हा त्यांनीही मोटरचं मॉडेल आणि उशीर आधी सुधारले होते. आकडे हलवणं त्याच्या जोडीला. तोच क्रम धरला. मोजलेल्या आकड्यांभोवती, मोजताना जेवढा फरक दिसला तेवढंच हलवलं: बॅटरी १०.५ ते १२.६ व्होल्ट, उशीर ६ ते १० मिलिसेकंद, घर्षण ०.०२ ते ०.०५, प्ले १ ते ३ अंश. वजन जवळपास हलवलंच नाही, काट्यावर माझा विश्वास आहे. २०० वेगवेगळ्या डुलक्या, त्यांतल्या १९१ उभ्या राहिल्या. पडलेल्या ९ मध्ये प्ले अडीच अंशांच्या वर आणि बॅटरी ११ च्या खाली, दोन्ही एकदम.

म्हणून आज परत चाकाच्या कडेवर खूण करून मोजलं. दोन आठवड्यांच्या आपटाआपटीत डाव्या चाकाचा प्ले २ वरून २.४ अंशांवर गेलाय. काकांना विचारलं, गिअरबॉक्स उघडून पिनियन या छोट्या गिअरमागे शिम, म्हणजे पातळ चकती, घालता येईल का. "उद्या घेऊन ये," म्हणाले, "पर बॅटरी चार्ज करून आण."